एकोणतीस मिनिटं

दुकानातल्या टेबलावर नऊ वस्तू होत्या: मावशीच्या घरून आणलेला इमर्जन्सी बल्ब, त्याचं काढलेलं पांढरं टोपण, आतला एक लांबट सेल, चार्जिंगची चकती, मीटर, टेस्टर, डाग द्यायची सोल्डरिंगची कांडी, घड्याळ आणि दादांचा अर्धा कप चहा. चहा कामाचा नव्हता, पण मोजायचंच तर सगळं मोजावं.

दादा म्हणजे दुरुस्तीच्या दुकानाचे मालक. पदवी हातात आल्यावर मी त्यांच्याकडे शिकायला बसले, त्याला आठ महिने झाले होते.

"बल्ब कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"मावशीचा. वीज गेली की तीन तास चालायला हवा. एकोणतीस मिनिटांत विझतो."

"एकोणतीस? तीस नाही?"

"रोज एकोणतीस. काकांनी घड्याळ लावून पाहिलंय."

"मग सेल मेला. नवा टाक, मोकळी हो."

"हा बल्बच नवा आहे, दादा. आधीचा असाच वागला म्हणून त्यांनी टाकून दिला. दोन्ही बल्ब एकाच मिनिटाला कसे मरतील?"

दादांनी चहाचा घोट घेतला. "पदवीवाल्यांचं हेच. सरळ माणूस सेल बदलतो, तुम्ही सेलला मुलाखतीला बसवता. बसव."

माझ्या घाईला कारण होतं. मावशी आणि काका दोघंही जन्मापासून बहिरे. काका पुस्तकं बांधायच्या कारखान्यात जातात. तिथल्या यंत्रांच्या आवाजाने बाकीच्यांचे कान गेले, "मी आधीच तयारीने गेलो होतो," असं ते सांगतात. मावशी घरी कपड्यांच्या कॉलरी शिवते आणि संध्याकाळी हातांची भाषा शिकवते. गेले सहा महिने त्यांच्या भागात वीज रोज सात ते आठ जाते. आणि नेमकी तीच वेळ तिच्याकडे शिकायला येणाऱ्या एका गवंड्याची होती.

गवंड्याची मुलगी चार वर्षांची, बहिरी. बापाला तिच्याशी बोलता येत नव्हतं. तो काम संपवून, हातपाय धुऊन, नखांत सिमेंट तसंच घेऊन सातला मावशीकडे यायचा आणि सव्वाआठची शेवटची बस पकडायचा. त्याला दुसरी वेळ नव्हती. अंधार झाला की बाकीच्यांचं बोलणं चालू राहतं. या घरात मात्र ते तिथेच थांबतं. मेणबत्ती लावून पाहिली, पण तिच्या उजेडात बोटं दिसतात, चेहरा नाचतो, आणि या भाषेत अर्धं वाक्य चेहऱ्यावर असतं. फोनचा टॉर्च कुणीतरी धरावा लागतो; धरणाऱ्याचा एक हात गेला म्हणजे अर्धी जीभ गेली.

आदल्या आठवड्यात मी तिथे होते तेव्हा दिवा विझला आणि मावशीचा हात हवेतच राहिला. गवंडी अंधारात मला म्हणाला, "ताई, त्यांना नंतर सांगा. यायला दीड तास, जायला दीड तास, आणि शिकणं अर्धा तास. या महिन्याअखेरपर्यंत बघतो. नाहीतर जमायचं नाही." मग तो पुढे म्हणाला, "परवा पोर रात्रभर रडली. कुठे दुखतंय ते मला विचारता येईना. तेवढं एक वाक्य तरी यायला हवं होतं."

महिना संपायला एकोणीस दिवस होते.

मी सेलपासून सुरुवात केली. तो फुगलेला नव्हता, गळलेला नव्हता. मीटर लावलं तर जेमतेम तीन व्होल्ट, म्हणजे रिकामा. रिकामा असणं हा दोष नाही. भरल्यावर किती धरतो ते पाहायचं. अंगावर दोन हजार मिलिअँपिअर-तास लिहिलं होतं. लिहिणाऱ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, हे दादांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

मग चार्जिंगची चकती. बल्ब पुन्हा जुळवला, सेलच्या वायरीत मीटर घातलं, बल्ब चालू होल्डरमध्ये बसवला. सेलमध्ये एकशे नव्वद मिलिअँपिअर जात होते. हे कमी वाटतं, पण असे बल्ब सावकाशच भरतात. खोक्यावरही 'दहा ते बारा तास' छापलं होतं. मी तो रात्रभर तसाच ठेवला. सकाळी सेल चार पूर्णांक अठरा शतांश व्होल्टवर होता आणि चार्जिंग आपोआप थांबलं होतं. चकतीचं काम चोख होतं.

आता खरी परीक्षा. वीज गेली की हा बल्ब एकच गोष्ट पाहतो: आपल्या दोन टोकांमधला रस्ता बाहेरून जोडलेला आहे का. घरात बटण चालू असेल तर तो रस्ता फ्रीज, पंखा अशा इतर वस्तूंमधून पुरा होतो आणि बल्बला कळतं की वीज गेली आहे, बटण बंद केलेलं नाही. बटण बंद असेल तर रस्ता तुटलेला, मग तो गप्प बसतो. टेबलावर मी त्याच्या दोन टोकांना एक मोठा रेझिस्टर जोडला. बल्ब पेटला. सेलमधून सरासरी एक हजार पन्नास मिलिअँपिअर निघत होते. मी घड्याळ घेऊन बसले.

दादांनी मधे दोन पंखे आणि एक मिक्सर दुरुस्त केला. "अजून जळतोय?"

"अजून."

"मग पोरी, बल्बला आजार नाही. माणसांना विचार."

तो एक तास चोपन्न मिनिटं जळला. गुणाकार केला तर दोन हजाराला पाच कमी. सेल शब्दाला जागणारा निघाला. खोक्यावरचे तीन तास थाप होती, पण एका तासाच्या शिकवणीला हा पुरून उरणारा होता.

राहिली घरची वीज. बल्ब पुन्हा पूर्ण भरून मी संध्याकाळी पावणेसातला मावशीकडे गेले. काका नुकतेच आले होते. होल्डरमध्ये मीटर घातलं: दोनशे अठ्ठावीस व्होल्ट, स्थिर. होल्डरच्या पिना घट्ट होत्या. मी मावशीला हातांनी विचारलं, "दिवसभर बटण चालू असतं ना?"

"असतं. रात्री दहाला बंद. सकाळी उठलं की चालू," तिने सांगितलं, आणि भिंतीवरच्या बटणाकडे बोट केलं. त्यावर तिने लाल दोऱ्याची खूण बांधली होती, कुणी चुकून बंद करू नये म्हणून. "मी वेडी नाही. तू सांगितलंस ते सहा महिने पाळते."

मी बल्ब लावून निघाले. चार दिवसांचे आकडे काकांनी कागदावर लिहून पाठवले. पहिला दिवस: पूर्ण तास. दुसरा दिवस: पूर्ण तास. तिसरा: बावन्न मिनिटं. चौथा: एकोणतीस. खाली त्यांनी एक रडका चेहरा काढला होता. त्यांची चित्रकला बरी नाही, पण भाव पोहोचला.

दादा कागद बघून म्हणाले, "बघ, सेल उतरत चाललाय. मी पहिल्या दिवशी सांगितलं."

पाचव्या दिवशीही एकोणतीस आले. सहाव्या दिवशीही. आजारी सेल एकोणतीसवर येऊन थांबत नाही, तो उतरतच राहतो. मी कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला हिशेब मांडला. बल्ब रोज एकोणतीस मिनिटं जळतो, म्हणजे रोज साधारण पाचशे सात मिलिअँपिअर-तास खर्च करतो, आणि विझतो तेव्हा रिकामा असतो. म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत तो तेवढंच भरतो. एकशे नव्वदने पाचशे सात भरायला लागतात दोन तास चाळीस मिनिटं. मग मी भरलेल्या सेलपासून सुरुवात केली, रोज एका तासाचे वजा केले आणि पाचशे सात मिळवत गेले. पहिला दिवस पुरा, दुसरा पुरा, तिसरा बावन्न मिनिटं, चौथा एकोणतीस. मिनिटाचाही फरक नव्हता.

म्हणजे चोवीस तासांत बल्बला फक्त दोन तास चाळीस मिनिटं वीज मिळत होती. आणि मावशी खोटं बोलत नव्हती.

मी दुकानाच्या सुट्टीच्या आदल्या रात्री तिच्याकडे राहायला गेले. पहाटे पाच चाळीसला काका उठून आले, आतलं बटण चालू केलं, दिवा लागला. चहा झाला. सहाला त्यांनी डबा घेतला, चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं. मावशी कॉलरींच्या ढिगाशी बसली होती. दिवा विझला. तिने मान वर केली, विझलेल्या दिव्याकडे पाहिलं, किंचित मान हलवली आणि सुईत दोरा घातला.

मी जागची उठले. आतलं बटण चालू होतं. लाल दोरा जागेवर होता. दार उघडून पाहिलं तर चौकटीशेजारी, पावसापासून जपायला ठोकलेल्या पत्र्याच्या छपराखाली, दुसरं बटण होतं. ते बंद होतं.

ते बटण मी लहानपणापासून पाहत आले होते. बहिऱ्यांच्या घराला घंटा काय कामाची? म्हणून काकांनी लग्नानंतर दिव्याच्याच वायरीत बाहेर एक बटण टाकून घेतलं होतं. पाहुणा ते खालीवर करतो, आत दिवा मिचकतो, मावशी दार उघडते. इमर्जन्सी बल्ब आणल्यावर तर काका खूश होते; आता वीज नसतानाही घंटा वाजणार होती. मी स्वतःही ते बटण कितीदा टकटक केलं असेल. ते घंटा आहे, असंच माझ्या डोक्यात बसलं होतं. मी मीटर लावलं तेव्हा काका घरात होते, आणि ते घरात असताना बटण चालू असतं.

"हे कुणी बंद केलं?" मी मावशीला विचारलं.

तिने काकांच्या नावाची खूण केली: अंगठ्याने हवेत कागदाची घडी दाबणं. "जाताना. रोज."

"रोज? कशाला?"

तिला माझा प्रश्न कळला नाही. मग तिने लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. तुमच्या घरात माणूस बाहेर जाताना दार वाजतं, पावलं वाजतात, 'येतो हं' असं ऐकू येतं. तिच्या घरात माणूस पाठीमागून कधी गेला ते कळत नाही. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात ती काकांना काही सांगायला वळली आणि खोली रिकामी होती. कधीपासून रिकामी होती, कोण जाणे. ती रडली. दुसऱ्या दिवसापासून ते जाताना दिवा बंद करून जातात. संध्याकाळी आले की चालू करतात. दिवा विझला म्हणजे ते गेले. लागला म्हणजे आले. वीस वर्षं झाली, एक दिवस चुकला नाही.

"दिवसा उजेड असतो, दिवा बंदच बरा," ती म्हणाली. "त्यात काय चुकलं?"

साधा बल्ब असता तर काहीच चुकलं नव्हतं. मी कागदावर तीन आकडे लिहिले. सकाळी पाच चाळीस ते सहा: वीस मिनिटं. संध्याकाळी सहा चाळीस ते सात: वीस मिनिटं. आठ ते दहा: दोन तास. बेरीज तिच्यासमोर ठेवली. तिने ती दोनदा वाचली. बल्बला जेवण फक्त काका घरात आणि जागे असताना मिळत होतं.

संध्याकाळी सहा चाळीसला दिवा लागला आणि काका आत आले. मी कागद पुढे केला. बेरीज त्यांना लगेच पटली. कागद मोजणं हाच त्यांचा धंदा. मी सुचवलं, "जाताना दिवा तीनदा मिचकवा आणि चालू ठेवून जा. मावशीला कळेल."

या घरातल्या हातांच्या भाषेत 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे नाहीत. आदर चेहऱ्यावर असतो. काकांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी तो नव्हता.

"दिवा चालू आणि मी घरात नाही?" त्यांचे हात तुटक चालले. "ते खोटं झालं. दुपारी तिने वर पाहिलं तर तिला काय दिसणार? मी आहे असं. आणि मी नाही."

"काका, पण गवंडी..."

"दुसरा दिवा आण. हा राहू दे."

"दुसरा दिवा आणला तरी बाहेरच्या बटणावर हाच राहील, आणि हा एकोणतीस मिनिटांत विझला की घंटा बंद पडेल. त्यानंतर आठपर्यंत कुणी आलं तर दारात उभंच राहील."

काकांनी हात मांडीवर ठेवले. या घरात याचा अर्थ, बोलणं संपलं. सात वाजले, वीज गेली, बल्ब पेटला, आणि बाहेरून दिवा दोनदा मिचकला. गवंडी आला होता. एकोणतीस मिनिटं त्याने शरीराचे भाग शिकले: डोकं, कान, दात, पोट. 'पोट' करताना त्याचा हात चुकून छातीवर गेला. मावशीने तो पकडून खाली आणला. मग 'दुखणं' शिकायला घेतलं आणि दिवा विझला. अंधारात तो मला म्हणाला, "अर्धंच वाक्य झालं." मग हसला. "आमच्याकडे अर्धी भिंत बांधून गेलेलं चालत नाही."

आठला वीज आली तेव्हा तो निघून गेलेला होता. मावशी एकतीस मिनिटं अंधारात काही बोलू शकली नव्हती. दिवा लागताच तिचे हात आधी सुरू झाले.

"जिन्यात दिवा असतो," ती म्हणाली. "खालून लावतात, वरून बंद करतात. तसं होईल?"

"होईल," मी म्हटलं. "दोन्हीकडे जिन्याची बटणं घालायची. मधे एक वायर जास्त लागेल. कुठलंही बटण हलवलं की दिवा बदलतो."

"मग हा जाताना बंद करेल. मी आतून चालू करेन."

काकांनी नकार दिला. "मग मी घरात आहे की नाही, कसं कळणार?"

"वीस वर्षांनी चपला बघून कळतं," ती म्हणाली. "आणि तू नसलास की घर आवरलेलं असतं."

मी हसू दाबलं. काकांनी दाबलं नाही. मग मावशी त्यांच्या समोर नीट बसली, चेहरा उजेडात येईल अशी, आणि सावकाश बोलली.

"तू रोज सांगतोस, जातो. मी मान हलवते. तू दाराबाहेर असतोस, तुला ती दिसत नाही. वीस वर्षांत मी तुला एकदाही उत्तर दिलेलं नाही."

काका उठले. त्यांनी शिडी आणली.

दुसऱ्या दिवशी दादांनी खोक्यातून जिन्याची दोन बटणं काढून दिली. "माणसांनाच विचार म्हटलं होतं ना," ते म्हणाले आणि पुढच्या मिक्सरकडे वळले. मी मेन स्विच बंद केला, टेस्टरने दोनदा खात्री केली, आणि दोन बटणांमध्ये दोन वायरी ओढल्या. काकांनी शिडी धरली आणि माझी प्रत्येक वायर भिंतीशी काटकोनात आहे की नाही ते बघितलं. एक त्यांना पसंत पडली नाही, ती परत ठोकावी लागली. मेन चालू करून आम्ही चारही स्थिती पाहिल्या. बाहेरून बंद, आतून चालू. आतून बंद, बाहेरून चालू. दुरुस्त.

पुढच्या पहाटे मी दारात उभी राहिले. सहाला काकांनी बाहेरचं बटण हलवलं. दाराशेजारच्या खिडकीत दिवा विझला. ते तिथेच थांबले, डबा हातात. मी मनात मोजत होते. अकरा सेकंदांनी खिडकी उजळली. काकांनी खिडकीकडे पाहून मान हलवली, जी आतून कुणालाच दिसली नसती, आणि ते बसच्या दिशेने गेले.

नंतर मावशीला विचारलं, "अकरा सेकंद का लागले?"

"सुई हातात होती. टोचली असती." मग म्हणाली, "उद्या लवकर देईन."

एकदा ती विसरली. काका बाहेर सात मिनिटं उभे राहिले आणि शेवटी बटण टकटक करून तिला उत्तराची आठवण केली. कारखान्यात उशिराचा शेरा मिळाला. ते सांगताना त्यांचा चेहरा तक्रारीचा होता, हात मात्र नव्हते.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी सातला तिथे होते. वीज गेली, दिवा राहिला. गवंड्याने 'दुखणं' आणि 'कुठे' जोडून पाहिलं. मावशीने पोट धरून वेडंवाकडं तोंड केलं. त्याने विचारलं, कुठे दुखतंय? तिने दात दाखवला. त्याने पुन्हा विचारलं. तिने कान दाखवला, गुडघा दाखवला, करंगळी दाखवली. त्याने प्रत्येक वेळी पूर्ण वाक्य विचारलं, भुवया वर करून, कारण भुवया वर केल्या नाहीत तर तो प्रश्न होत नाही. आठला पाच मिनिटं असताना त्याने रुमालाने कपाळ पुसलं आणि मला म्हणाला, "त्यांना सांगा, पुढच्या महिन्यातही सातलाच येईन. नाही, थांबा." आणि ते त्याने स्वतः हातांनी सांगितलं. 'पुढचा' जरा चुकला. मावशीला कळलं.

आठला वीज आली. तो पुन्हा भरायला लागण्याआधी मी लगेच बल्ब काढून घेतला. सकाळी दुकानात त्याच्या टोकांना रेझिस्टर जोडला, घड्याळ लावलं.

तो आणखी त्रेपन्न मिनिटं जळला. मावशीकडचा तास धरून एकूण एकशे तेरा; टेबलावर पूर्ण भरलेला एकशे चौदा जळला होता.